ट्रेकचे व्हिडिओ टाकायचे आहेत, सुरुवात कशी करू?

प्रश्न: पुण्यात राहतो. राजगड, तोरण्याच्या ट्रेकचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे आहेत. सेटिंग, थंबनेल आणि पैसे यांचं कसं असतं?

उत्तर: आधी फोन नंबर व्हेरिफाय करा, त्याशिवाय स्वतःचा थंबनेल लावता येत नाही. अपलोड करताना ‘मुलांसाठी बनवलेला आहे का?’ याला ‘नाही’ म्हणा. चुकून ‘हो’ केलंत तर कमेंट बंद होतात.

थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचा करा. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दिसते, म्हणून तिथे गडाचं नाव लिहू नका.

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहणं लागतं. खरी अडचण तासांची असते. समजा, लोक तुमचा व्हिडिओ सरासरी ३ मिनिटं पाहतात. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं, म्हणजे ८०,००० व्ह्यूज लागतील. तेच ६ मिनिटं थांबले तर ४०,०००. म्हणून स्वारगेटची एसटी, चहा वगैरे कापा आणि थेट चोरदिंडीच्या चढणीपासून सुरू करा.

व्हिडिओ ‘पब्लिक’च ठेवा, प्रायव्हेट आणि अनलिस्टेडचे तास धरत नाहीत. शॉर्ट्स फीडमधले तासही यात येत नाहीत. त्यांची वेगळी अट आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज.