अचानक परीक्षेचं कोडं: शुक्रवार खरंच बाद होतो का?

सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार यांपैकी एका दिवशी अचानक परीक्षा घेणार, कोणत्या दिवशी ते तुम्हाला आदल्या संध्याकाळीही कळणार नाही. शेवटून विचार केला तर गुरुवारपर्यंत पेपर झाला नाही की शुक्रवार आधीच कळतो, म्हणून तो बाद; मग त्याच रीतीने गुरुवार, बुधवार असं करत एकही दिवस उरत नाही. चुकतंय कुठे?

पहिल्याच पायरीवर. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पेपर झाला नाही, तर सरांच्या बोलण्यातून एवढंच उरतं: ‘परीक्षा उद्या आहे, पण हे तुम्हाला माहीत नाही.’ हे वाक्य खरं असू शकतं, पण तुम्हाला खात्रीने धरता येत नाही. पहिला अर्धा भाग पक्का धरलात की दुसरा खोटा पडतो. मग परीक्षा होईलच, हीच खात्री डळमळते आणि शुक्रवारचा पेपरही अनपेक्षित ठरू शकतो. तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९५३ साली याच पायरीवर बोट ठेवलं. शुक्रवारच खोडता आला नाही, तर त्याच्या आधाराने खोडलेले गुरुवार, बुधवार परत उभे राहतात.