फोटोग्राफरला केस आणि ब्लाउजच्या रंगाबद्दल कसं लिहू?

«लग्नाचे फोटो आले, छान आहेत, पण माझा डाळिंबी ब्लाउज स्टेजवरच्या फोटोंत जांभळट दिसतोय आणि काही ठिकाणी बट डोळ्यावर आलीय. फोटोग्राफर दादांना वाईट वाटू न देता थोडाच बदल मागायचाय, पत्र कसं लिहू? – शहापूर, बेळगाव»

आधी मुंडावळ्यांचे मोती बघा. तेही निळसर दिसत असतील तर हॉलच्या एलईडीचा रंग अख्ख्या फोटोवर चढलाय, आणि कॅमेऱ्यातली मूळ, म्हणजे रॉ फाइल असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून असलेलं सेटिंग, फिरवून तो स्टेजच्या सगळ्या फोटोंतून बराचसा एकदम काढता येतोय. मोती पांढरे आणि ब्लाउजच तेवढा जांभळट असेल तर मात्र एकेका फोटोवर बसावं लागतं, आणि घोळ तिथंच होतो बघा, कारण कुंकू, ओठ, शालूचा काठ सगळे लालच, घाईत केलं की तेही सरकतात, आणि गळ्यावर ब्लाउजची जी झाक पडलेली असते ती जुन्याच रंगाची राहते, मग ब्लाउज वरून चिकटवल्यासारखा दिसतो. चेक करताना गळाच बघा पहिला.

रंग नुसता लिहून कळवू नका, मोबाइलवरनं फोटोपण नको, प्रत्येक मोबाइल वेगळाच रंग दाखवतोय. टेलरकडं ब्लाउजपीसचा तुकडा उरला असेल तर तोच स्टुडिओत नेऊन द्या.

केसांचं म्हणाल तर मागं साधा पडदा असेल तर बट पटकन निघते, पण मागं फुलांची सजावट किंवा बटेवरच मुंडावळीची लड असेल तर प्रत्येक पाकळी नि मोती परत जुळवत बसावं लागतं. सगळे केस चोपून बसवायला सांगू नका, विग घातल्यासारखं दिसतंय ते.

मी असं लिहिलं असतं:

«दादा, नमस्कार. फोटो घरी सगळ्यांना आवडले. अल्बम छापायला जायच्या आधी एवढं करून देताय काय? DSC_0412 ते DSC_0440 मध्ये ब्लाउज जांभळट आलाय, मोतीपण निळसर दिसतात, तेवढा व्हाइट बॅलन्स बघा. ब्लाउजचा तुकडा भावाकडनं पाठवते. DSC_0418 आणि DSC_0431 मध्ये डाव्या डोळ्यावरची बट काढा, बाकी केस आहेत तसेच असू देत, चेहरा गोरा करू नका. आधी DSC_0418 करून दाखवा, तो पसंत पडला की बाकीचे. जादा पैसे किती होतील तेपण सांगा.»

गडद निळ्या लाइटखालचे फोटो असतील तर त्यांची आशा सोडा, तिथं लाल कॅमेऱ्यापर्यंत फारसा आलेलाच नसतो, ते ब्लॅक अँड व्हाइट करून घेतलेले बरे. आणि पत्र याच आठवड्यात द्या, अल्बम हातात दिला की बरेच जण हार्डडिस्क मोकळी करायला रॉ फाइली उडवतात, नुसत्या जेपीजीवर रंग एवढा फिरवला की कातडीवर डाग दिसायला लागतात.