बारा तास उपाशी होतो, तरी रिपोर्ट बिघडला कसा?

"मॅडम, सोमवारी सकाळी लिपिड प्रोफाइल आहे. शनिवारी मित्राकडे ड्रिंक्स होणारच, रविवारी जास्त पळून भरून काढलं तर चालेल का? पाणी प्यायचं की तेही बंद? आणि कोलेस्टेरॉलची, बीपीची गोळी चार दिवस थांबवू का, म्हणजे खरा आकडा कळेल?"

टेस्ट एक आठवडा पुढे ढकला, नाहीतर शनिवारी हातात साधं पाणी धरून बसा, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका. असं का म्हणतेय ते सांगायला माझ्याकडे एक केस आहे, कारण तुमच्या डोक्यात जे जे आलंय ते सगळं एका गृहस्थाने आधीच करून बघितलंय.

वय सत्तेचाळीस, दीड वर्षापासून कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू. रिपोर्ट हातात घेऊन आले ते जवळजवळ घाबरूनच. ट्रायग्लिसराइड 438, आणि एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, जागी आकडाच नाही, "काढता आला नाही" असा शेरा. वरून लिव्हरच्या टेस्टमध्ये एसजीओटी 74 (त्या लॅबची वरची मर्यादा 40). म्हणाले, गोळीने लिव्हर गेलं वाटतं माझं. मी म्हटलं, आधी मला गुरुवारपासून सोमवार सकाळपर्यंत काय काय केलं ते सांगा, काही लपवू नका, मी तुमची बायको नाहीये 🙂

तर झालं असं, की "औषधाशिवाय खरा आकडा" बघायचा म्हणून गुरुवारपासून गोळी बंद. शनिवारी, टेस्टच्या आधी जरा बॉडी टाइट करू म्हणून तीन महिन्यांनी जिमला गेले आणि एकदम पायांचा जड व्यायाम करून आले, रविवारी जिना उतरताना भिंत धरत होते. रविवारी रात्री पाहुणे, तीन पेग आणि सोबत तळलेलं, शेवटचा पेग दहाला. मग रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, कारण कोणीतरी सांगितलं की कडक उपास पाहिजे. सकाळी नऊला रक्त दिलं. तरी ठामपणे सांगत होते, "बारा तास उपाशी होतो की!" हिशोब केला तर अकराच होते, पण अडचण त्या एका तासाची नव्हतीच.

दारू शरीरात गेली की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तिच्यामागे लागतं. चरबी जाळायचं काम मागे पडतं, उलट नवीन चरबी बनते आणि ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडली जाते. सोबत तेलकट जेवण असेल तर ते रक्तातून साफ व्हायलाही वेळ लागतो. म्हणून जेवणासाठी 9 ते 12 तास पुरतात, पण दारूसाठी निदान 24 तास तरी धरा, आणि ट्रायग्लिसराइड आधीच वर असणाऱ्यांना मी दोन-तीन दिवस सांगते. एलडीएल का गायब झालं? बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हा हिशोब भरवशाचा राहत नाही, म्हणून लॅब आकडा देत नाही. यांचं एकूण 226, एचडीएल 44, मग जबरदस्तीने केला असता तर 94 आला असता आणि हे खूश होऊन घरी गेले असते, गोळी न घेताही कोलेस्टेरॉल छान म्हणून! कोरी जागा बरी त्यापेक्षा.

एक गोष्ट मात्र इथे आवर्जून सांगते, कोणी रोज बऱ्यापैकी पीत असेल तर टेस्टसाठी म्हणून एकदम बंद करू नका, हात थरथरणं, घाम, कधी फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं, ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

आता व्यायाम. भरपूर पळालं की पुढचा एखाद-दोन दिवस ट्रायग्लिसराइड थोडं खालीच येतं, म्हणजे तुमचा रविवारचा प्लॅन आकडा सुंदर करेल, पण तो रोजचा आकडा नसेल आणि डॉक्टर औषध त्यावरून ठरवणार. यांच्या बाबतीत जिमने वेगळाच घोळ केला. एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंतही असतं, आणि सवय नसताना जड व्यायाम केला की दुखावलेल्या स्नायूंतून ते रक्तात येतं. ओळखायचं कसं? यांचं एसजीओटी मुख्यतः लिव्हरमध्येच असणाऱ्या एसजीपीटीपेक्षा बरंच जास्त होतं (ते 48 होतं), मांड्या दुखत होत्या, म्हणून डॉक्टरांनी स्नायूंची सीके टेस्ट केली, ती हजाराच्या पुढे. फक्त, स्टॅटिननेही कधी कधी स्नायू दुखतात, म्हणून जिममुळे असेल असं घरबसल्या ठरवून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना जिमचंही सांगायचं आणि दुखण्याचंही. रोजचं चालणं चालू ठेवा, पण आदल्या दिवशी आणि त्या सकाळी दमवणारं काही नको. लिव्हरची टेस्ट सोबत असेल तर जड व्यायाम आठवडाभर आधीच थांबवा.

पाण्याचं सोपं आहे, प्या. साधं पाणी, सकाळी एक-दोन ग्लास. अंगात पाणी कमी असेल तर रक्त थोडं दाट होऊन आकडे किंचित वर दिसतात, शीर सापडत नाही आणि दोनदा टोचून घ्यावं लागतं. चहा, कॉफी, ज्यूस मात्र रक्त दिल्यावर. आणि लॅबमध्ये धावतपळत पोचून लगेच हात पुढे करू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा, कारण उभं राहण्या-बसण्यानेही कोलेस्टेरॉल थोडं खालीवर होतं.

गोळ्यांची तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डॉक्टरांना बघायचं असतं की गोळी काम करतेय का. चार दिवस बंद ठेवली की ना औषधाचा आकडा मिळतो ना बिनऔषधाचा, मधलाच कुठलातरी, कारण परिणाम पूर्ण उतरायला काही आठवडे जातात. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी, पाण्याच्या घोटाबरोबर. फरक पडतो तो शुगरच्या औषधांचा. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणारी गोळी उपाशीपोटी घेतली तर चक्कर, घाम, थरथर. तिची वेळ डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा, बहुतेकदा सोबत नेऊन रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायला सांगतात.

त्या गृहस्थांची टेस्ट डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत केली, मधे गोळी रोज, जेवणखाण नेहमीसारखं, टेस्टआधी तीन दिवस दारू नाही, जिम नाही. ट्रायग्लिसराइड 210, एकूण 188, एचडीएल 41, हिशोबाने एलडीएल 105, एसजीओटी 29. लिव्हर ठणठणीत. पण 210 हेही 150 च्या वरच, तेव्हा डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली आणि रविवारच्या पेगांबद्दल बोलायला त्यांना परत माझ्याकडे पाठवलं.