छिन्नीला पाणी देण्याचं एक मिनिट, आणि त्याभोवतीची संहिता

प्रश्न: लोहारकामावर १५ मिनिटांचा माहितीपट करतोय. निवेदन लिहून झालंय, पण ज्याला वाचून दाखवतो तो म्हणतो, जाहिरात वाटते. निवेदन, मुलाखतीचे प्रश्न आणि कुठलं जुनं फुटेज लागेल त्याच्या नोंदी, हे सगळं एका संहितेत कसं बसवायचं? एखादा नमुना दाखवाल का?

उत्तर:

तुमचं निवेदन मी वाचलेलं नाही, पण पहिलं वाक्य ‘पिढ्यान् पिढ्या’ने सुरू होत असेल अशी मला दाट शंका आहे. माझ्या पहिल्या माहितीपटाचं तसंच होतं. ते वाक्य कुंभाराला लावा, विणकराला लावा, कुठेही चालतं आणि म्हणूनच ते जाहिरातीचं वाटतं. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. त्या कामातलं असं एकच मिनिट शोधायचं, जिथे चूक झाली तर सगळी मेहनत वाया जाते. आधी फक्त त्या मिनिटाची संहिता पूर्ण लिहायची, बाकीची चौदा मिनिटं त्यातून फुटतात.

लोहारकामात ते मिनिट म्हणजे पाणी देणं. छिन्नीचंच उदाहरण घेतो, कारण तिच्यात सगळं एका दमात होतं आणि डोळ्यांना दिसतं.

आधी काम नीट समजून घ्या. घडवून झालेली छिन्नी भट्टीत पुन्हा तापवतात. अंधारात टोक पिकलेल्या चेरीसारखं लाल दिसलं की सांडशीत धरून फक्त टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवतात, आणि बुडवलेलं टोक किंचित वरखाली हलवत राहतात. हलवलं नाही तर पाण्याच्या रेषेवर, गरम आणि गार भागाच्या सीमेवर, तडा जाऊ शकतो. आता टोक अतिशय कडक झालेलं असतं, पण इतकं ठिसूळ की पहिल्याच घावात त्याचा टवका उडेल. मागचा दांडा मात्र अजून तापलेला असतो. छिन्नी बाहेर काढतात, विटेच्या किंवा दगडाच्या तुकड्याने टोक खसाखसा घासून उजळ करतात आणि बघत बसतात. दांड्यातली धग टोकाकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंगांचे पट्टे सरकतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो, जांभळा २८०च्या आसपास, निळा ३००च्या जवळ. लोखंड तोडायच्या छिन्नीला टोकाशी जांभळा पोचला की ती सगळीच्या सगळी पाण्यात. थोडं आधी बुडवली तर टवके उडतात. थोडं उशिरा बुडवली तर धार मुडपते.

आता त्याच मिनिटाची संहिता. मी ती अशी लिहीन:

दृश्य: भट्टीसमोरचा अंधार. टोक पाण्यात जातं, बाहेर येतं. कारागीर दाराकडे वळतो. टोकाचं अगदी जवळून दृश्य, न कापता, शेवटच्या बुडीपर्यंत.

आवाज: पाण्याचा चर्र, मग विटेची घासणी. संगीत नाही.

निवेदन: ‘पाण्यात गेलं ते फक्त टोक. दांडा अजून तापलेला आहे, आणि ती धग आता टोकाकडे येतेय.’ (आठ सेकंद शांत.) ‘या क्षणी टोक काचेसारखं आहे. धग पोचली की जरा नरमेल. जास्त पोचली तर जास्त नरमेल.’ (पट्टे सरकू द्या.) ‘हा रंग पोलादाचा नाही. वर धरलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या पातळ थराचा आहे. थर जाड होत जातो, तसा रंग बदलतो.’ (शांत. शेवटची बुडी.)

मोजून बघा, पन्नासेक शब्द आहेत. एका मिनिटात मराठी निवेदक शंभर शब्द आरामात म्हणू शकतो, पण इथे ते म्हणायचे नाहीत. निवेदनात ‘तो आता छिन्नी पाण्यात बुडवतो’ हे वाक्य नाही, कारण ते दिसतंच आहे. दिसत नाही तेवढंच सांगायचं: धग कुठून येतेय, टोक आत्ता कसं आहे, रंग कशाचा आहे. तुमच्या लिहिलेल्या निवेदनावर हीच कात्री चालवा. प्रत्येक वाक्य घ्या, आवाज बंद करून दृश्य बघा. वाक्यातली गोष्ट तरीही कळत असेल तर वाक्य काढा. बहुतेक वेळा निम्मं उडतं.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती संहितेत लिहिली नाही तर चित्रीकरणाच्या दिवशी हमखास विसरली जाते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही ऑटोवर असतील तर लाल टोक चौकटीत आलं की कॅमेरा गोंधळतो. लाल पांढरट होतो, जांभळा राखाडी दिसतो आणि निवेदनातलं वाक्य खोटं पडतं. दोन्ही हाताने लॉक करा. भट्टीतला लाल रंग हा तापलेल्या धातूचा स्वतःचा उजेड असतो, त्यामुळे तो अंधारात नीट ओळखता येतो. पट्ट्यांचे रंग मात्र बाहेरचा उजेड परतल्याने दिसतात, म्हणून त्यांना दिवसाचा प्रकाश लागतो. कारागीर दाराकडे वळतो तो यासाठीच. मोठा दिवा आणून भट्टी उजळून टाकलीत तर लाल ओळखण्याची त्याची खूणच जाते. मी एकदा हे केलंय. त्यांनी चार छिन्न्या जास्त तापवल्या, आणि मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने सांगितलं.

मुलाखतीचे प्रश्न याच मिनिटातून निघतात. ‘या कलेचं भविष्य काय?’ हा प्रश्न यादीतून खोडाच. उत्तरादाखल एक उसासा मिळतो आणि तो संकलनात कुठेही बसत नाही. त्याऐवजी हातात वस्तू असताना विचारा:

‘आत्ता दाराकडे का वळलात?’

‘ही कुठल्या रंगावर बुडवली? दगड फोडायची असती तर त्याच रंगावर बुडवली असती का?’

‘तडकलेली एखादी ठेवलीय का? ती पाण्यात असतानाच कळलं होतं का?’ (पाण्यात तडकते तेव्हा बारीक ‘टिक’ ऐकू येतो. अनुभवी माणूस तो आवाज ओळखतो, आणि प्रश्न विचारला की बहुतेक वेळा तोंडाने काढूनही दाखवतो. तो आवाज जरूर टिपा.)

‘हे पोलाद कुठून आणलंत? गाडीच्या पाट्याचं असेल तर पाणीच देता की तेल?’

शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. पोलादाच्या जातीप्रमाणे त्याला पाणी चालतं की तेल लागतं हे बदलतं, आणि भंगारातून आलेल्या तुकड्यावर त्याची जात लिहिलेली नसते. मग कारागीर छोटा तुकडा आधी बुडवून, तोडून बघतो. तुटलेल्या जागी दाणा बारीक, रेशमासारखा असेल तर ठीक, साखरेसारखा भरड चमकत असेल तर जास्त तापलं. ही परीक्षा कॅमेऱ्यासमोर झाली तर दोन मिनिटांचं दृश्य फुकट मिळतं. दुसरी परीक्षा कानशीची. नीट कडक झालेल्या टोकावरून कानस घसरते, मऊ टोकात रुतते. दोन छिन्न्या द्या, कुठली बरोबर ते विचारा आणि गप्प बसा. प्रश्न विचारून झाल्यावर किमान पाच सेकंद तोंड उघडायचं नाही, खरं उत्तर बरेचदा तेव्हा येतं.

आणि हो, चुंबक घेऊन जा. कडक होण्याइतकं तापलं की पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. डोळ्याने लाल ओळखणाऱ्या माणसाला ‘आता?’ असं विचारून लगेच चुंबक लावून बघितलं की त्याचा डोळा किती तयार आहे हे निवेदनात सांगावंच लागत नाही. पण आधी त्याला विचारून. परीक्षा घेतोय असं वाटलं तर दिवस फुकट जातो.

आता जुनं फुटेज. ‘जुन्या लोहारांची दृश्यं’ अशी नोंद कुठल्याच संग्रहालयात कुणाला शोधता येत नाही. नोंद अशी लिहा की तिच्यावर निवेदनातलं कुठलं वाक्य उभं आहे ते कळेल. उदाहरणार्थ, निवेदनात पुढे वाक्य आहे: ‘पूर्वी याच घणाला दोन माणसं लागत.’ मग नोंद:

हवं: एका ऐरणीवर दोघे, एकाच्या हातात सांडशी आणि हातोडी, दुसऱ्याच्या हातात घण. कमीत कमी दहा सेकंद, दोघांचेही हात दिसायला हवेत. कुठलं, कधीचं आणि हक्क कुणाकडे, हे लेखी हवं. मिळालं नाही तर: वाक्य बदला आणि ऐरणीवर घणाने पडलेला खोलगा दाखवा.

ही शेवटची ओळ प्रत्येक नोंदीत हवी. नाहीतर संकलक ऐन वेळी दुसऱ्याच देशातल्या लोहाराची दृश्यं लावतो, आणि बघणाऱ्याला वाटतं ती याच भट्टीची. तशी लावायचीच असतील तर पडद्यावर ठिकाण आणि वर्ष लिहा.

शोधायला एक चांगली जागा सांगतो. जर्मनीत ग्योटिंगेनच्या विज्ञानपट संस्थेने १९५२ पासून ‘एन्सायक्लोपीडिया सिनेमॅटोग्राफिका’ नावाचा संग्रह उभा केला. त्यात निरनिराळ्या देशांतल्या हस्तकलांच्या प्रक्रियांचे पट आहेत, आणि त्यांचा रोख गोष्ट सांगण्यापेक्षा काम नोंदवून ठेवण्यावर आहे. संस्था बंद झाली, पण संग्रह हॅनोव्हरच्या तंत्रज्ञान ग्रंथालयाकडे, म्हणजे ‘टीआयबी’कडे गेला. हक्काच्या अटी प्रत्येक पटाला वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचा.

मूकपटाच्या काळातलं फुटेज मिळालं तर नोंदीत वेगही लिहा. त्या वेळी सेकंदाला १६ ते १८ चौकटी अशा वेगाने बरंच चित्रण व्हायचं. १६ने घेतलेलं एक मिनिट म्हणजे ९६० चौकटी. त्या २४ने दाखवल्या की मिनिट ४० सेकंदांत उरकतं आणि घण दीडपट वेगाने पडतो. लोहार विनोदी दिसायला लागतो. ज्याने आयुष्यभर घण मारलाय तो हे पाहून लगेच म्हणेल, असं कुणी मारत नाही. प्रयोगशाळेला ‘मूळ वेगाने स्कॅन करा, चौकटी वाढवू नका’ असं सांगा आणि वेग संकलनात ठरवा.

घरातला फोटो मागायला विसरू नका. पण फोटोची नोंद करताना तो कुणी काढला, कुठे टांगलाय आणि कुणाला विचारून घेतला हेही लिहा. माझ्या एका पटात प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी घरातल्या दुसऱ्या भावाने फोटोवर हरकत घेतली होती. ते २० सेकंद काढून तिथे रिकामी ऐरण लावली. खरं सांगायचं तर ती जास्त चांगली दिसली.

आता तुमची पंधरा मिनिटं बाजूला ठेवा, भट्टीवर जा, एक छिन्नी तयार होताना पहिल्यापासून शेवटपर्यंत न बोलता बघा. घड्याळ लावून. कुठला टप्पा किती वेळ चालला एवढंच लिहून आणा. हवं तर तो कागद इथे टाका, त्यावरून दृश्यांची वाटणी करू.