घरी पहिल्यांदा केस ब्लीच करताना: क्रीम की पावडर?

"माझे केस काळे आणि कमरेच्या थोडे वर आहेत. कधीच रंगवले नाहीत, फक्त दोन वर्षांपूर्वीपर्यंत मेंदी लावायचे. आता खालची टोकं कॅरॅमल रंगाची करायची आहेत. दुकानात क्रीम ब्लीचही आहे आणि पावडर ब्लीचही. घरी पहिल्यांदाच करणार आहे, कुठलं घेऊ?"

क्रीम घे आणि त्यासोबत २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर. पण तुझ्या प्रश्नातला मेंदीचा उल्लेख मला क्रीम-पावडरपेक्षा मोठा वाटतो, त्यामुळे त्याबद्दलही सविस्तर लिहिते.

दुकानात मागताना "डोक्याच्या केसांचं ब्लीच" असं स्पष्ट सांग. नुसतं क्रीम ब्लीच म्हटलंस तर आपल्याकडे बहुतेक दुकानदार चेहऱ्याच्या लवेसाठीचं छोटं खोकं काढून देतात. ते डोक्याच्या जाड काळ्या केसांसाठी बनवलेलं नसतं. उलट, केसांची ब्लीच पावडर चेहऱ्याला चुकूनही लावायची नाही. आणि पाण्याच्या टाकीत किंवा संडास-मोरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे वेगळंच रसायन, क्लोरीनचं. नावातल्या साम्यामुळे लोक हेही विचारतात, म्हणून लिहून ठेवते.

आता मुख्य फरक. क्रीम सौम्य आणि पावडर कडक असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. केसांचा काळा रंग मोडणारी परसल्फेटं दोन्हींत असतात आणि दोन्ही डेव्हलपरमध्ये, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, कालवूनच लावायची असतात. पावडरमध्ये ती कोरडी असतात, तर क्रीममध्ये तेलकट मलमासारख्या पदार्थात घोळलेली. त्यामुळे पावडर सहसा लवकर आणि जास्त उजळवते, क्रीम सावकाश. ज्याला परसल्फेटची ॲलर्जी आहे त्याला क्रीमही चालणार नाही. कानामागे पॅच टेस्ट करून ४८ तास थांबणं दोन्हींसाठी सारखंच. दमा असेल तर मात्र हा घरचा प्रयोग नकोच. पावडर ओतताना उडणारी धूळ सरळ छातीत जाते, आणि क्रीमला धूळ नसली तरी घटक तेच असतात.

नवशिक्यासाठी क्रीम चांगलं म्हणते त्याचं खरं कारण ओलावा आहे. ब्लीच ओलं असतं तोवरच काम करतं. सुकलं की तिथंच थांबतं. पावडरचं मिश्रण पातळ थरात लावलं आणि डोक्यावर पंखा फिरत असला, तर थोड्याच वेळात त्याच्या कडा खडूसारख्या पांढऱ्या होऊन सुकू लागतात. हात बसलेली मुलगी टोकांना पंधरा मिनिटांत ब्लीच लावून मोकळी होते. पहिल्यांदा करणाऱ्याला त्याच कामाला चाळीस मिनिटं लागतात, कारण बट वेगळी करायची, मागचं दिसत नाही, हातमोजे चिकटतात. तोवर आधी लावलेल्या बटा सुकून थांबलेल्या असतात आणि नंतरच्या नुकत्या सुरू झालेल्या. धुतल्यावर केसांवर चट्टेपट्टे दिसतात ते यामुळे. क्रीम दाट आणि तेलकट असल्याने बराच वेळ ओलं राहतं, जिथे लावलं तिथेच बसतं, खाली ओघळत नाही. म्हणजे तुझा हात मंद असला तरी पहिली बट आणि शेवटची बट यांत तेवढं अंतर पडत नाही.

दुसरं कारण मापाचं आहे. पावडर चमच्याने मोजली की एकदा दाबून भरलेला चमचा येतो, एकदा सैल. मिश्रण पातळ झालं की फॉइलमध्ये ते फुगतं, वरच्या तोंडातून बाहेर येतं आणि न रंगवायच्या जागी ठिपका पाडून जातं. हा ठिपका नेमका भांगाजवळ पडतो आणि मग महिनोन्महिने दिसत राहतो. क्रीमचं माप थोडं इकडेतिकडे झालं तरी मिश्रण दाटच राहतं. तरीही दोन्हीसाठी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापर. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, स्टीलची वाटी नको.

क्रीमची मर्यादाही समजून घे. काळा केस उजळताना ठरलेल्या वाटेनेच जातो: आधी गडद लालसर तपकिरी, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळसर नारिंगी, शेवटी पिवळा. कॅरॅमलसाठी नारिंगी आणि पिवळसर नारिंगीच्या मध्ये पोहोचलं की पुरतं, पुढचं काम टोनर, म्हणजे उजळलेल्या केसाची छटा बदलणारा हलका रंग, करतो. एवढं अंतर क्रीम आणि २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, बहुतेक काळ्या केसांत नेऊ शकतं. राखाडी किंवा चंदेरी रंग हवा असता तर क्रीम कमी पडलं असतं, आणि त्यावर "मग पावडर घे" असंही मी म्हटलं नसतं. ते काम पहिल्यांदा घरी करायचंच नाही. लवकर व्हावं म्हणून ३० किंवा ४० व्हॉल्यूम घ्यायचा मोह होतो. तो टाळ. क्रीममध्ये ४० कालवलंस तर क्रीम घेतल्याचा सगळा फायदा गेला.

आता मेंदी. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. दोन वर्षांत झाले २४ ते ३० सेंटिमीटर. म्हणजे मुळापासून तेवढे केस कोरे, आणि त्याखालच्या सगळ्या केसांत मेंदी अजून आहे. तुला रंगवायची आहेत ती टोकंच नेमकी मेंदीची आहेत! शुद्ध पाल्याची मेंदी असेल तर धोका नाही, पण तिचा नारिंगी रंग केसाला घट्ट धरून बसतो आणि ब्लीचने पूर्ण जात नाही. ती काळी मेंदी किंवा पाकिटातली मिश्र मेंदी असेल, तर त्यात धातूचे क्षार असू शकतात. ते पेरॉक्साइडला भेटले की केस तापतात, वाफ येते, केस तुटतात. मी स्वतः हे पाहिलं आहे. कॉलेजच्या काळात एका मैत्रिणीच्या काळी मेंदी लावलेल्या केसांना आम्ही न तपासता पावडर लावली. पाच मिनिटांत फॉइल हाताला चटका बसेल इतकं गरम झालं. लगेच धुतलं म्हणून डोक्याची कातडी वाचली, पण ती बट बोटांत तुटून आली.

म्हणून आधी कापलेल्या केसांवर परीक्षा कर. अगदी खालच्या टोकातून पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक बट काप, काचेच्या वाटीत ठेव, त्यावर ५ ग्रॅम क्रीम आणि वेष्टनावरच्या प्रमाणात डेव्हलपर कालवून घाल. वाटी हाताला गरम लागली, फेस आला, उग्र वास आला किंवा केस हिरवट-काळपट झाला, तर तिथेच थांबायचं. ब्लीच दोन्ही प्रकारचं रद्द, टोकं कापून कोरे केस येईपर्यंत वाट बघायची. असं काही झालं नाही तर चाळीस मिनिटांनी धुऊन रंग बघ आणि ओला केस हलकेच ओढ. थोडा ताणून परत पूर्ववत झाला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबत गेला तर केसाची ताकद संपली आहे.

माझ्या पुतणीचं गेल्या दिवाळीआधी केलं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. तिचे केसही काळे, जुनी पाल्याची मेंदी टोकांना. दोन बटांवर दोन्ही प्रकार करून पाहिले, डेव्हलपर दोन्हींत २० व्हॉल्यूम. पावडरची बट २५ मिनिटांत पिवळसर नारिंगी झाली, पण सुकल्यावर बोटांना चरचरीत लागली. क्रीमची बट ४० मिनिटांनी नारिंगी झाली, मऊ राहिली. तिला कॅरॅमलच हवं होतं, म्हणून क्रीम ठरलं. तिच्या ट्यूबवर एकास दीड प्रमाण होतं, त्यानुसार ४० ग्रॅम क्रीम आणि ६० मिलिलिटर डेव्हलपर घेतलं. शेवटच्या १२ सेंटिमीटरला ते पुरलं. सगळं एकदम कालवलं नाही, अर्धं-अर्धं केलं, कारण कालवल्यापासूनच मिश्रणाची ताकद उतरू लागते.

केस दोन दिवस धुतले नव्हते. चार भाग केले, मागून सुरुवात. बट पातळ घेतली, एवढी की ब्रशखालून पलीकडचं बोट अंधुक दिसावं. क्रीमची खरी चूक इथे होते. ते दाट असल्याने वरवर थापलं जातं आणि बटेच्या आतला केस काळाच राहतो. म्हणून वरून लावून झालं की बट उलटून खालूनही लावायचं, मग हातमोज्यातल्या बोटांनी चोळून आत शिरवायचं. वरची कड सरळ रेषेत न ठेवता ब्रश उभा धरून वर-खाली ओढला, नाहीतर शेपटी बुडवून काढल्यासारखी रेघ दिसते. दर १० मिनिटांनी ओल्या कापसाने थोडं पुसून रंग बघितला आणि परत लावलं. वेष्टनावरची कमाल वेळ ओलांडायची नाही. आम्ही ४५ मिनिटांना थांबलो.

धुताना क्रीमला जास्त वेळ लागतो, तेलकटपणामुळे ते चिकटून राहतं. कोमट पाण्याने पाणी स्वच्छ होईपर्यंत धू, मग शाम्पू. राहिलेला गोळा आतल्या आत काम करत राहतो. नारिंगीपणा जास्त वाटला तर निळसर छटेचा टोनर घे. जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीला नाही, आणि बाजारात जांभळाच जास्त मिळतो, म्हणून नीट बघून घे. मनासारखं उजळलं नाही तर त्याच दिवशी दुसरा हात देऊ नकोस. निदान दोन आठवडे जाऊ देत.

पावडर मी आजही वापरते, पण फॉइलमधल्या बारीक बटांसाठी आणि मुळांपासून लांब. एकदा क्रीमने हात बसला, बट पटापट उचलता यायला लागली, की पुढच्या वेळी तूही वापरून बघ. धूळ कमी उडणारी, तेलात घोळवलेली निळसर पावडर मिळते, ती घे आणि खिडकी उघडी ठेव.

उरलेलं मिश्रण झाकणाच्या डबीत भरून ठेवू नकोस. आत वायू साचत राहतो आणि डबी फुटते. भरपूर पाणी सोडून मोरीत वाहू दे.