तासाचा दर: पगारावरून नव्हे, विकल्या गेलेल्या तासांवरून

माझ्याकडे दोन सहायक आहेत. सीनियरचा पगार २८ हजार. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास धरले तर तास १३५ रुपयांना पडतो. मी गिऱ्हाइकाला ३०० लावतो, तरी वर्षअखेरीस हातात काही उरत नाही. कुठं चुकतंय? (कर सल्लागार, राजारामपुरी)

तुम्ही पगाराला भागलंय ते हजेरीच्या तासांनी. गिऱ्हाईक मात्र पैसे देतं ते त्याच्या कामावर गेलेल्या तासांचे, आणि ते बरेच कमी असतात.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार, सणांचे १५ आणि रजेचे १८ दिवस वजा केले की २८० उरतात. चहापाणी सोडून दिवसाचे साडेसात तास धरा, म्हणजे २,१०० तास झाले. त्यातही पोर्टल बंद पडणं, नवीन नियम वाचणं, फायली लावणं, जुन्या बिलांसाठी फोन करणं हे सगळं येतं आणि त्याचं बिल कुणाच्याच नावावर फाडता येत नाही. सीनियरचे ७५ टक्के तास बिलेबल निघाले तर ते चांगलं समजावं. ज्युनिअर अजून शिकतोय, त्याचे ६५ टक्के धरू. तुमचे स्वतःचे ५० टक्केच धरा, कारण गिऱ्हाइकांच्या भेटी, वसुली आणि कामाची तपासणी तुमच्याच गळ्यात असते. वर्षाचे बिलेबल तास असे होतात: सीनियर १,५७५, ज्युनिअर १,३६५, तुम्ही १,०५०. एकूण ३,९९०.

आता खर्च. सीनियरला दिवाळीचा एक पगार धरून वर्षाला ३,६४,०००. ज्युनिअरचा पगार १६ हजार धरला तर त्याचे २,०८,०००. तुमचा स्वतःचा मेहनतानाही खर्चातच धरायचा. तो नफा नव्हे. तुमच्या जागी तेवढाच जाणता माणूस नेमला तर त्याला जे द्यावं लागेल ते. इथे वर्षाला ९ लाख धरू.

ओव्हरहेडची यादी करताना छोट्या रकमा सुटतात, म्हणून गेल्या वर्षीचं बँक स्टेटमेंट समोर ठेवूनच ती करा. आपण साधारण असं धरू: भाडं २,१६,०००, शिपाई १,३०,०००, वीज-इंटरनेट-फोन ७२,०००, सॉफ्टवेअर, सभासद वर्गणी आणि विमा मिळून १,०६,०००, संगणकांची झीज ५०,०००, स्टेशनरी आणि पेट्रोल ९६,०००. बेरीज ६,७०,०००. ती ३,९९० तासांवर वाटली की प्रत्येक बिलेबल तासावर १६८ रुपये बसतात.

सीनियरच्या ३,६४,००० ला १,५७५ ने भागलं तर २३१ येतात. त्यात १६८ मिळवले की ३९९. म्हणजे ३०० लावून तुम्ही त्याच्या प्रत्येक तासामागे ९९ रुपये खिशातून घालताय. याच हिशेबाने ज्युनिअरचा तास ३२० ला आणि तुमचा १,०२५ ला पडतो.

खर्च काढला. त्यावर २० टक्के चढवले की झालं ना? (शाहूपुरी)

नाही. ३९९ वर २० टक्के चढवले तर ४७९ होतात, पण ४७९ मधले ८० म्हणजे जेमतेम पावणेसतरा टक्केच. बिलातले २० टक्के उरायला हवे असतील तर खर्चाला ०.८० ने भागावं लागतं.

शिवाय लावलेलं सगळं हातात येत नाही. कुणी घासाघीस करतं, कुणाचं काम दुसऱ्यांदा करावं लागतं, कुणाचं बिल बुडतं. शंभरातले नव्वदच येत असतील तर पुन्हा ०.९० ने भागा. दोन्ही मिळून भाजक ०.७२ होतो. वरच्या आकड्यांतून दर निघतात: सीनियर ५५५, ज्युनिअर ४४५, मालक १,४२५. हा दर जीएसटीशिवायचा. नोंदणी असेल तर कर त्यावर वेगळा लावायचा, तो उत्पन्नात मोजू नये.

उलट ताळा करून बघा. सगळे तास या दराने लावले तर २९,७७,८०० होतात. त्यातले ९० टक्के म्हणजे सुमारे २६,८०,००० येतील. खर्च २१,४२,०००. उरले ५,३८,०००, म्हणजे आलेल्या रकमेच्या २० टक्के.

आमच्याकडं गिऱ्हाईक तासाचं ऐकतच नाही. "ठोक किती ते सांगा" म्हणतं. मग या दराचा उपयोग काय? (लक्ष्मीपुरी)

ठोक रक्कम परवडते की नाही, हे ठरवायलाच तो लागतो. गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही.

समजा मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचं महिन्याचं जीएसटीचं काम तुम्ही १,५०० ला घेतलंय. ज्युनिअरचे ३ तास, सीनियरचा पाऊण तास, तुमची १५ मिनिटं जातात. दराप्रमाणे हे २,१०७ होतं आणि नुसता खर्चच १,५१५. इथे तुम्ही नफ्याशिवाय, उलट १५ रुपये पदरचे घालून काम करताय.

लगेच फी वाढवण्याआधी ते ३ तास कुठे जातात ते पाहा. बहुतेक वेळा बिलं पिशवीत भरून १८ तारखेला येतात, ११ ची जीएसटीआर-१ ची मुदत कधीच उलटलेली असते आणि २० तारखेच्या ३बी साठी धावपळ होते. घाईत चुका होतात, मग सीनियर त्याच नोंदी दुसऱ्यांदा तपासतो. विक्रीची यादी ५ तारखेपर्यंत एक्सेलमध्ये मागा. ज्युनिअरचा वेळ दीड तासावर आला तर हेच काम दराने १,४४० ला बसतं आणि १,५०० रास्त ठरतात. पिशवीच आणणाऱ्याला २,१०० सांगा. दोन्ही भाव कामाच्या पत्रात लिहूनच ठेवा, तोंडी ठेवू नका.

पावसाळ्यात साइट थंडावतात, पोरं बसून असतात. त्या महिन्यांत दर वाढवून भरपाई करावी का? (आर्किटेक्ट, ताराबाई पार्क)

अजिबात नको. वरच्याच कार्यालयात सीनियरचे बिलेबल तास ७५ वरून ६० टक्क्यांवर घसरले, तर त्याचा तास ३९९ वरून ४७१ ला पडतो. त्याच्या पगाराचा वाटा २८९ होतो आणि एकूण तास घटल्याने ओव्हरहेडही १८२ वर जातं. हा वाढीव खर्च दरात घातला तर आहे ते कामही दुसरीकडे जाईल, तास आणखी घटतील आणि दर पुन्हा चढवावासा वाटेल.

दर वर्षाच्या सरासरीवर ठरवा. तुमच्या सरासरीत पावसाळ्याचे मंद महिने आधीच धरलेले हवेत. बारा महिन्यांची सरासरीच ६० टक्के निघत असेल, तर दर नव्हे, माणसांची संख्या कामापेक्षा जास्त आहे.

टाइमशीट लिहायला पोरं कंटाळतात. किती बारकाईनं लिहून घ्यावं? (उद्यमनगर)

पंधरा मिनिटांचा एक भाग पुरतो. गिऱ्हाइकाचं नाव, काम आणि भाग एवढंच लिहायचं, आणि त्याच दिवशी. शनिवारी आठवून लिहिलेल्या पानावर रोजचे बरोबर साडेसात तास बिलेबल दिसले, की ते अंदाजाने भरलंय हे ओळखा. बिल न होणाऱ्या वेळेसाठी वेगळा रकाना ठेवा आणि तो मोठा दिसला म्हणून कुणाला बोलू नका. बोललात की तो वेळ गिऱ्हाइकांच्या नावावर टाकला जाईल आणि ७५ टक्क्यांचा आकडाच खोटा ठरेल.