अर्ध्या बर्थवरची रात्र

"ताई, परीक्षेसाठी बडनेऱ्याहून मुंबईला रात्रीच्या गाडीनं एकटीच जाणार आहे. डबा कोणता घेऊ? अन् कोणी त्रास दिला तर? तमाशा करायची हिंमत नाही माझ्यात."

तुमच्यासारखीच एक मुलगी माझ्याकडे यायची. आर्वीकडची, नर्सिंग शिकणारी (ओळख बदलली आहे). तिचं तिकीट आरएसी होतं, म्हणजे बाजूचा खालचा बर्थ दोघांत अर्धा-अर्धा. उरलेला अर्धा एका अनोळखी माणसाचा. अकोला गेल्यावर दिवे मालवले आणि त्याचे पाय पसरू लागले. मनमाडपर्यंत ही गुडघे पोटाशी घेऊन बसून. "त्याचंबी तिकीट होतं ना ताई, मी काय बोलू?"

पहिल्यांदा कधी खटकलं, ते आम्ही शोधलं. एकदा पाय लागला तो चुकून लागला असेल. पण ती सरकली, तरी पुन्हा लागला. तिथंच तिला कळलं होतं. पुढचे चार तास ती फक्त पुरावा शोधत राहिली. तुम्ही सरकल्यावरही तेच झालं, तर आणखी पुरावा नको.

पुढच्या वेळी तिनं आरएसी घेतलंच नाही. तिकीट काढताना लेडीज कोटा निवडला. लांबच्या गाड्यांत स्लीपरला ६ बर्थ एकट्या बाईलाही मिळतात. ते लवकर संपतात, म्हणून तारीख कळताच बघा. पैसे जमत असतील तर मी थर्ड एसी सांगेन, कारण स्लीपरमध्ये जवळच्या प्रवासाचे लोक मध्येच चढून बसतात. बर्थ वरचा घ्या. खालच्यावर रात्री १० पर्यंत इतरांनाही बसायचा हक्क असतो, वरच्यावर ती अडचण नाही.

घरच्या सगळ्यांना कळवू नका, एकालाच नेमा, जो रात्री फोन खरंच उचलतो. त्याला पीएनआर, डबा, बर्थ आधीच पाठवा. मध्ये रेंज जाते, म्हणून "भुसावळ गेल्यावर मेसेज करते" असं स्टेशनवार ठरवा.

आणि एक वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघा. तिनं माझ्यासमोर दहादा म्हटलं, पहिल्या चार वेळा आवाजच फुटला नाही: "दादा, पाय काढा. टीसीला बोलावते." नाही ऐकलं तर उठून बाया-मुलं असतील तिथं जाऊन बसा, टीसीला जागा बदलून मागा. सोबतच १३९ लावा, सुरक्षेसाठी १ दाबा, पीएनआर आणि पुढचं स्टेशन सांगा. रेल्वे पोलीस तिथं डब्यात येऊ शकतात. अंगाला हात लावला असेल तर तक्रार धावत्या गाडीतही टीसीकडे देता येते, उतरून ठाणं शोधायची गरज नाही.

दुसऱ्या प्रवासात शेगावजवळ एकजण तिच्या बर्थवर चढू लागला. तिनं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "नंबर चुकला, ताई," आणि उतरला. खरंच चुकला असेल. तिनं मात्र पुढचं स्टेशन येईपर्यंत फोन हातातच ठेवला होता.